कलम एकोणीसमधली गेलेली ओळ

लॉला मूलभूत हक्कांचं टेबल करायचं काम आम्हा दोघी मैत्रिणींच्या गळ्यात पडलेलं. हक्क, त्याच्या मर्यादा आणि कोर्टाने दिलेली कारणं, असे तीन रकाने. खोपटच्या एसटी डेपोजवळच्या अभ्यासिकेत बसायचो. मला एका जागी बसवत नाही. दर ओळीनंतर पाणी प्यायला उठायचे, आणि मैत्रीण वैतागून म्हणायची, बस गं बाई एकदाची.

ती शहाडची. घरच्या शेतीचा एक तुकडा उरलेला, तोही सरकार रस्त्यासाठी घेणार अशी नोटीस आलेली. त्यासाठीच ती लॉला आलेली. हरकतीची सुनावणी परवावर होती, आणि घरच्यांतर्फे तीच बोलणार होती. मालमत्ता हा मूलभूत हक्क आहे, कोणी हात लावू शकत नाही, असं वडिलांना तिने ठासून सांगितलेलं. म्हातारा त्या एका वाक्यावर निवांत झोपत होता.

त्या दुपारी कलम एकोणीस घेतलं, त्यातली ए ते जी अशी स्वातंत्र्यं एकेका ओळीत. जुन्या निकालांच्या झेरॉक्समधून ती हक्क आणि कारणं लिहीत होती, मी संविधानाच्या नव्या प्रतीतून मर्यादा. इथे फार सांभाळावं लागतं. धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधन चालतं, भाषणावर तेवढं कारण पुरत नाही. सगळ्यांना एकच मर्यादा चिकटवली की सर अख्खं पान खोडतात.

तिने एफची ओळ लिहिली: मालमत्ता मिळवणं, बाळगणं, विकणं. मी मर्यादा शोधायला गेले, तर ई नंतर थेट जी. एफ वगळलेला, चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने.

ओळ काढ म्हटलं. ती म्हणाली, कोर्टानेच म्हटलंय, वाच. माझं डोकं फिरलं.

"अगं, ते निकाल दुरुस्तीच्या आधीचे आहेत!"

तिने झेरॉक्सवरच्या तारखा एकेक करून बघितल्या. मला भयंकर वाईट वाटलं, आणि तरी पाय हलवणं काही थांबेना. मग आम्ही कलम तीनशे ए काढलं. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. हक्क आहे, पण मूलभूत नाही. त्यावरचे अलीकडचे निकाल वाचले. नोटीस हवी, हरकत खरोखर ऐकून घ्यायला हवी, सार्वजनिक कारण हवं, मोबदला हवा. नाहीतर तो कायद्याचा आधार नुसता नावाला, असं कोर्टाचं म्हणणं.

तिने तिथेच व्हरांड्यात जाऊन वडिलांना फोन लावला. मी मागोमाग गेले. आपण चुकीचं सांगितलं, हे तिने आधी सांगून टाकलं. मग स्पीकरवर ऐकू आलं, "मंग आपली जमीन तुझ्या पुस्तकात कुठं हाय?"

"मूलभूत हक्कांच्या टेबलात नाही, बाबा. टेबलाच्या बाहेर, दुसऱ्या कलमात आहे. पण तुमचं ऐकल्याशिवाय त्यांना घेता येणार नाही."

म्हातारा म्हणाला, "मंग परवा तू नको बोलू. मीच बोलतो."

ती आत आली आणि एफची ओळ तिने स्वतःच्या हाताने खोडली.