शहाण्णवांत त्रेपन्न

परीक्षा मंडळाच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे चाळणीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं शाळेत भाषा शिकवून ती निवृत्त झाली. मग मंडळानं तिला बोलावून घेतलं. काम एकच होतं. दुसऱ्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी वाचायच्या आणि प्रश्न नीट विचारलाय की नाही ते बघायचं. उत्तर बरोबर की चूक, हे बघायला त्या त्या विषयाची माणसं होती. तिनं फक्त प्रश्नाकडे बघायचं.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती, जिन्याच्या टोकाला. खिडक्यांना दुधी काच. फोन खाली दाराशी जमा करायचा, पिशवी शिपायाला दाखवायची, मग तो कुलूप उघडणार. आत एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट. अकरा वाजता शिपाई चहा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून दारावर टकटक करी आणि निघून जाई, कारण आत यायची त्याला परवानगी नव्हती. चार महिने झाले तरी त्या शिपायाचा आवाज तिनं धड ऐकला नव्हता, फक्त टकटक.

घरी जाऊनही यातलं काही बोलायचं नाही, अशी सही तिच्याकडून घेतलेली. तसं बोलायला तरी कोण होतं म्हणा! नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा दूरच्या शहरात, दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई.

"आई, बरी आहेस ना?"

"हो."

"काही त्रास नाही ना?"

"नाही रे."

सूनबाई मागून काहीतरी विचारी, नातू ओरडून जाई, आणि फोन ठेवल्यावर चाळणीबाईच्या मनात येई की, याला मी दुसरं उत्तर देऊच कसं? प्रश्नातच उत्तर बांधून दिलंय पोरानं. मग ती स्वतःवरच चिडे. पोर बिचारं काळजीनं विचारतं आणि आपण त्याचीही चाळणी करतो.

त्या वर्षी थंडी सरता सरता रुग्णसेविकांच्या परीक्षेचा संच तिच्याकडे आला. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला पन्नास गुण. ही परीक्षा पास झालं की मुलगी थेट वॉर्डात उभी राहणार. संच काढला होता एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंनी. त्यांचा दरारा असा की मंडळाचे अध्यक्षसुद्धा त्यांच्याशी बोलताना आधी घसा साफ करत.

चाळणीबाईची एक रीत होती. उत्तरांची यादी पाकिटात बंदच ठेवायची आणि आधी आपण परीक्षेला बसायचं. विषयातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हाच तिचा मोठा उपयोग होता. जिथं खरंच माहिती आहे तिथं पेन्सिलीनं फुली मारायची आणि तो प्रश्न बाजूला ठेवायचा. बाकी ठिकाणी फक्त शब्दांकडे बघून उत्तर निवडायचं. प्रश्न चोख असतील तर अशा अडाणी माणसाला चारातला एक, म्हणजे शेकडा पंचवीसच्या आसपास गुण मिळायला हवेत.

तिनं सुरुवात केली. 'वाहतं रक्त थांबवण्यासाठी जखमेवर घट्ट ______ बांधावी.' पर्याय होते दोरा, मलम, पट्टी, कापूस. ती हसली. बांधावी म्हटल्यावर पट्टीच असणार, बाकीच्यांना व्याकरणानंच दाराबाहेर काढलं होतं. पुढच्या एका प्रश्नात तीन पर्याय दोन-दोन शब्दांचे आणि चौथा चांगला दीड ओळीचा, 'परंतु' आणि 'शक्यतो' घालून जपून लिहिलेला. तोच बरोबर असणार, कारण काढणाऱ्यानं सगळी काळजी त्याच्यावरच घेतली होती. कुठं 'नेहमी' आणि 'कधीच' असे छातीठोक शब्द असलेले पर्याय होते. ते तिनं डोळे मिटून खोडले. बाराव्या प्रश्नाचं उत्तर तर चव्वेचाळिसाव्या प्रश्नाच्या पहिल्या ओळीत छापलेलंच होतं.

चार ठिकाणी तिला फुली मारावी लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळानं बदलायची, चादर कशी बदलायची, अशा गोष्टी. नवऱ्याच्या आठ महिन्यांच्या आजारपणानं तेवढं शिकवलं होतं.

मग एकसष्टावा प्रश्न आला. 'खालीलपैकी कोणत्या रुग्णाला तोंडाने पाणी देऊ नये असे नाही?'

तिनं तो एकदा वाचला. परत वाचला. पेन्सिल खाली ठेवली. दारावर टकटक झाली, चहा आला, निवला, त्यावर साय धरली. ती तशीच बसून होती.

संध्याकाळी पाकीट फोडून तिनं उत्तरं ताडली. शहाण्णव प्रश्नांत त्रेपन्न बरोबर. तिनं पुन्हा मोजलं. त्रेपन्नच.

दोन दिवसांनी बैठक झाली. अध्यक्ष, मेट्रनबाई आणि ती, तिघंच. मेट्रनबाई ताठ बसल्या होत्या, पांढऱ्या साडीची घडी मोडू न देता.

"तुम्ही नर्सिंग केलंय का?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"नाही."

"मग माझ्या बेचाळीस प्रश्नांवर तांबड्या खुणा कशा काय केल्यात?"

"मी ही परीक्षा पास झाले, मेट्रनबाई," ती म्हणाली. "जे खरंच माहीत होतं ते सोडून. शहाण्णवांत त्रेपन्न. उद्या मला वॉर्डात ठेवाल का?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "नशिबानं लागले असतील."

"नशिबानं चोवीस लागतात, फार तर तीसेक. त्रेपन्न लागत नाहीत साहेब." तिनं कागद पुढं सरकवला. कुठलं उत्तर कुठल्या शब्दावरून ओळखलं, ते एकेका ओळीत लिहिलेलं होतं.

मेट्रनबाईंनी चष्मा लावला. एकेक ओळ वाचत गेल्या. 'बांधावी'पाशी त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. पण तेहेतिसाव्या प्रश्नाला त्या अडल्या. 'रुग्णाचा ताप वाढल्यास काय करावे?'

"यात काय खोट आहे?"

"डॉक्टरांना कळवावे, हेही बरोबर आणि ताप मोजून नोंद करावी, हेही बरोबर. हुशार मुलगी दोन्ही करेल. मग खूण कशावर करेल?"

"आधी मोजायचा, मग कळवायचं. साधी गोष्ट आहे."

"मग प्रश्नात 'सर्वप्रथम' घाला. ते तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही."

मेट्रनबाईंनी तो शब्द स्वतःच्या पेनानं घातला. एकसष्टाव्याला मात्र त्या हट्टाला पेटल्या. "हा मी मुद्दाम असा ठेवलाय. विचारशक्ती तपासायला. दोन नाही आले म्हणून घाबरणारी मुलगी वॉर्डात काय करणार?"

"ज्या मुलीला उत्तर येतंय तीही इथं चुकेल. मग तुम्ही काय तपासलंत? पाण्याचं ज्ञान की नकारांचा हिशेब?" चाळणीबाईचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला अध्यक्षांनी कधी ऐकला नव्हता. "कोणत्या रुग्णाला तोंडाने पाणी देता येईल, एवढंच विचारा ना! सरळ विचारायला काय होतं?"

मेट्रनबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग प्रश्न खोडला आणि तिनं सांगितला तसा लिहिला. बैठक चार तास चालली. एकेचाळीस प्रश्न बदलले. एकाच खुणेच्या बाबतीत मेट्रनबाईंचं बरोबर निघालं आणि ते चाळणीबाईनं लगेच मान्य केलं.

अध्यक्ष गेले. दोघी फोन परत घ्यायला दाराशी आल्या. शिपाई जागेवर नव्हता, म्हणून बाकावर बसावं लागलं.

"एकसष्टाव्याला तुमचा आवाज चढला. कोणाचं पाणी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

चाळणीबाई दचकली. तीन वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

"नवऱ्याचं," ती म्हणाली. "दुपारची वेळ होती. ते सारखं पाणी मागत होते. मी वॉर्डातल्या मुलाला विचारलं, यांना पाणी द्यायचं नाही ना? तो ट्रॉली ढकलत चालला होता. हो हो, म्हणाला आणि गेला. मी समजले, द्यायचं नाही. त्यांनी हात पुढं केला तरी मी पेला दिला नाही. समजूत घालत राहिले. चार वाजता सिस्टर आली. म्हणाली, अहो, द्या की घोट घोट, त्या मुलानं तेव्हाच हो म्हणून सांगितलं होतं ना! पण तोवर त्यांना गिळता येईनासं झालं होतं. दुसऱ्या दिवशी गेले." ती थांबली. "माझ्या मुलालाही सांगितलं नाही मी हे. वॉर्डातल्या त्या मुलाची चूक नव्हती. प्रश्नच मी तसा विचारला होता."

मेट्रनबाईंनी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. "पाण्यानं ते वाचले नसते," त्या सरळ म्हणाल्या. "पण घसा कोरडा राहिला, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू?"

"बरं झालं खोटं बोलला नाहीत."

"माझ्याही वॉर्डात असं झालं असेल. किती वेळा, कोण जाणे." मेट्रनबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग शिपाई आला आणि त्यांनी आपापले फोन घेतले. निकाल लागेपर्यंत समितीतल्या लोकांनी एकमेकांशी संपर्क ठेवायचा नाही, हा नियम दोघींना पाठ होता. तरी मेट्रनबाईंनी पिशवीतून चिठ्ठी काढून नंबर लिहिला. "निकालानंतर," त्या म्हणाल्या.

परीक्षा झाली. निकाल लागायला साडेतीन महिने लागले. तेवढ्या काळात तिनं वायरमनचा एक संच तपासला, एक ग्रंथपालाचा. चहा दाराबाहेर येत राहिला. संध्याकाळी घरी आल्यावर ती रेडिओ लावी. ऐकायला नाही, कुणीतरी बोलत असावं म्हणून. चिठ्ठी देवघराच्या फळीवर डबीखाली ठेवलेली होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं नंबर फिरवला. मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, मी आता धाकट्या बहिणीकडे राहायला आलेय, दुसऱ्या गावी. गुडघ्यानं दगा दिला, जिने चढवत नाहीत." अहोजाहो कधी सुटलं, ते कुणालाच कळलं नाही. दोघी वीस मिनिटं बोलल्या. गुडघ्यांबद्दल, बहिणीच्या खरखरीत स्वभावाबद्दल, आणि यंदा कमी मुली पास झाल्या म्हणून मंडळाकडे आलेल्या तक्रारींबद्दल.

"येऊ देत तक्रारी," मेट्रनबाई म्हणाल्या. "ज्या पास झाल्यात त्यांच्या हातात मी माझं अंग देईन."

फोन ठेवल्यावर खोली पहिल्यासारखीच गप्प झाली. भेट काही होणार नव्हती, हे दोघींनाही बोलण्याच्या ओघात कळलं होतं. चाळणीबाई उठली, दिवा लावला, कणीक मळायला घेतली. एका माणसापुरती कणीक मळायला वेळ तो किती लागणार! हात धुऊन तिनं मुलाला फोन लावला. रविवार नव्हता, बुधवार होता.

"आई? काय झालं?" तो घाबरला.

"काही झालं नाही. तुझ्या बाबांच्या शेवटच्या दुपारचं एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "वेळ आहे का तुला?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.