गादीवरून उठायचं नाही

आमच्या कापडदुकानात एक नियम होता : गिऱ्हाईक दुकानात असेपर्यंत गादीवरून उठायचं नाही. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्नरच्या पेठेत दुकान थाटलं तेव्हाच तो घातला होता. आमचं घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. घरात नियमांची तशी कमी नव्हती. कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. पण त्यातून आजारपणात सूट मिळायची. गादीच्या नियमाला सूट नव्हती. "तू उठलास की गिऱ्हाईक उठलं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

गादी माझ्याकडे सोपवून ते कोपऱ्यात माळ घेऊन बसू लागले, तेव्हा मी पस्तिशीत होतो. डोळे मिटलेले, पण लक्ष माझ्याकडे. मी नुसतं बूड हलवलं तरी माळ थांबायची.

इतर दिवशी निभायचं. खरी परीक्षा बस्त्याची. लग्नघरची मंडळी जीप भरून येणार, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेणार. त्यात चहा, रुसवेफुगवे, एका आत्याचं नाक मुरडणं, पुन्हा चहा. अख्खा दिवस जायचा. माझं काम मांडी घालून हसतमुखानं बसायचं आणि आतून आवळून धरायचं. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो. चार कप चहा पोटात घेऊन न उठणारा शेठ पेठेत दुसरा नव्हता.

चाळिशीच्या सुमाराला बैठकीच्या मधोमध, सायकलची सीट टेकते बरोबर त्या जागी, दुखायला लागलं. ठणका नव्हे, एक मंद, चिकट दुखणं. सुपारीवर बसल्यासारखं. दुपारनंतर वाढायचं. मग दुसरं सुरू झालं. लघवीला जावं, उभं राहावं, आणि काहीच होऊ नये. लागलेली तर असते! मी भिंतीकडे बघतोय, भिंत माझ्याकडे. बऱ्याच वेळानं बारीक धार सुरू होणार, मध्येच थांबणार. नारायणगावच्या स्टँडवर मागे रांग असली की धार अजिबात यायची नाही. मी नुसताच पाणी ओतून, झाल्यासारखा चेहरा करून बाहेर यायचो.

बोरी बुद्रुकचा एक बागायतदार आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा दुकान रिकामं बघून मी मागे गेलो, परत येईतो गिऱ्हाइकं येऊन बसलेली, आणि हा म्हणतो, "शेठ, लई वेळ लावला राव. वावराला पानी द्याया गेल्तं का काय?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. बाबूजी तेवढे हसले नाहीत, माळेचा पुढचा मणी ओढला.

मग त्यानं मला मुतखडा ठरवून टाकला आणि पुढच्या खेपेला कुळीथ आणून दिले. मी महिनाभर कुळथाचं कढण प्यायलो. आमच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची सूज म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, दुखणं राहिलं. पुन्हा गोळ्या. लघवीची तपासणी स्वच्छ, सोनोग्राफी स्वच्छ. रिपोर्ट चांगले आले की माणसानं खूश व्हावं; मी रात्री पडल्या पडल्या कॅन्सर कुठे लपला असेल त्याचा विचार करायचो.

आणि मग टीव्हीनं माझा घात केला. त्या काळात सकाळी सकाळी टीव्हीवर हिंदीतून योग शिकवायची लाट आली होती. एक दिवस ऐकलं, खालचे स्नायू वर खेचून रोखून धरा, मूत्राचे सगळे विकार जातील. मी म्हटलं, हे तर आपल्याला जन्मजात येतं! गादीवर बसल्या बसल्या सुरू. गिऱ्हाइकाला परकर दाखवताना खेचतोय, कापडाला मीटरपट्टी लावताना रोखतोय. कुणाला पत्ता नाही. पंधरवड्यात अशी अवस्था झाली की मांडी घालून बसलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि सकाळची पहिली धार सुरू व्हायला बायकोचा चहा उकळून गाळून व्हायचा. मला वाटलं, व्यायाम कमी पडतोय. मी वाढवला.

समोर लग्नसराई होती. बस्त्याला बसता आलं नाही तर गादी सोडायची, एवढं मला कळत होतं. आणि गादी सोडायची म्हणजे बाबूजींना कारण सांगायचं. चाळीस वर्षांच्या मुलानं बापाला 'मला लघवी होत नाही' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बायकोला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी मला पुण्याच्या एसटीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

पुण्याच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी आधी एका यंत्राच्या नरसाळ्यात लघवी करायला लावली. यंत्र धारेचा वेग कागदावर काढतं. माझ्या कागदावर डोंगर यायचा तिथे सपाट माळ आला, तोही तुटक. मग हातमोजा घालून बोटानं मागून तपासलं. प्रोस्टेट दाबला, काही नाही. बोट जरा बाजूला सरकवलं आणि मी टेबलावरून उडालोच.

"हेच का तुमचं दुखणं?" त्यांनी विचारलं.

हेच! मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण अवस्था तशी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही, खडा नाही, ऑपरेशन नाही. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. लघवी धरताना ती आवळते, करताना सैल सुटते. तुमची सैल सुटायचंच विसरलीय. दिवसभर आवळलेली असते, म्हणून दुखते. धार अडते तीही त्यामुळेच." आणि मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं.

त्या बाईंच्या दारात सगळ्या बाळंतिणी. मी एकटा पुरुष, तोही गांधी टोपी घातलेला. आत गेल्यावर मी मोठ्या ऐटीत माझा टीव्हीचा व्यायाम सांगितला. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो शेठ, पायजम्याच्या नाडीला घट्ट गाठ बसलीय आणि तुम्ही दोन्ही टोकं धरून ओढताय! ज्यांचे स्नायू ढिले पडलेत त्यांच्यासाठी तो व्यायाम. तुमचा आजपासून बंद."

"मग करू काय?"

"काही करायचं नाही. सोडायचं."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

बाई हसल्या. मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडून उशांवर टेकवले, एक हात पोटावर ठेवायला सांगितला. श्वास पोटात घ्या. श्वास आत येतो तेव्हा तळाची झोळी आपोआप खाली उतरते, बाहेर जातो तेव्हा वर येते. तुम्ही तिला ढकलू नका, ओढू नका, नुसती उतरू द्या. मी एवढ्या तन्मयतेनं सोडायला लागलो की दात करकरा वाजले. "आधी जबडा सोडा," त्या म्हणाल्या. जबडा सोडला तर खांदे वर. खांदे खाली आणले तर पायाची बोटं आखडलेली. माझ्या अंगात इतके पहारेकरी उभे आहेत याची मला कल्पनाच नव्हती.

कधी त्या हातमोजा घालून, आधी विचारून, आतून त्या दुखऱ्या जागेवर बोटाचा हलका दाब धरून ठेवत आणि मला श्वास घ्यायला सांगत. पहिल्यांदा लाजेनं मेलो. पण दाबाखाली ती गाठ हळूहळू लोण्यासारखी मऊ होताना कळली, आणि लाज गेली. घरी कोमट पाण्याच्या टपात बसायचं, आधार धरून उकिडवं बसून श्वास घ्यायचा. लघवीला जोर लावायचा नाही. खाली बसायचं, श्वास सोडायचा, वाट बघायची. आणि शेवटची अट : तासाभरानं गादीवरून उठायचं, आणि लागली की जायचं. धरून ठेवायचं नाही.

बाकी सगळं मी केलं. दोन महिन्यांत दुखणं निम्म्यावर आलं, धार बरी झाली. दुकान बंद असताना मी अगदी आदर्श पेशंट होतो. पण दुकान उघडलं की बाबूजींची माळ सुरू, आणि माझी झोळी पुन्हा वर. बाई म्हणाल्या, "शेठ, आठवड्यातून एकदा मी सोडवते, रोज दिवसभर तुम्ही आवळता. असं कधी बरं व्हायचं?"

वैशाखात त्याच बोरीच्या बागायतदाराच्या मुलीचा बस्ता आला. दुकानात तीसेक माणसं, पोरंटोरं वेगळी. शालूवर घोडं अडलं होतं. नवरीला मोरपंखी हवा, आत्याला लाल. तेवढ्यात मला लागली. मी बाबूजींकडे पाहिलं आणि सवयीनं आवळलं. लगेच ती जुनी कळ उठली. कपाळावर घाम आला. बागायतदार म्हणाला, "शेठ, आज लई अवघडल्यावानी बसलाय. गादीखाली काटा हाय का काय?"

माळ थांबली. बाबूजी भिंतीला धरून उठले. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. ते माझ्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ऊठ. जाऊन ये. मी बसतो."

"पण बाबूजी, गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक कुठे जात नाही. अजून आत्याबाई मानायच्यात."

"खरंय," बागायतदार म्हणाला. "तुमी न्हाऊन आला तरी आमी हितंच हाय."

मी गेलो. बसलो, श्वास सोडला, आणि धार सरळ आली. परत आलो तर बाबूजी गादीवर, मांडीवर लाल शालू उलगडलेला. मी जवळ वाकलो तसं त्यांनी हळूच विचारलं, "झाली?"

"झाली."

"लवकर झाली रे तुला." ते शालूची घडी घालायला लागले. मग म्हणाले, "मला नाही होत अशी."

"कधीपासून?"

"दुकान काढलं तेव्हापासून. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं."

मी शालूचं दुसरं टोक धरलं. इतकी वर्षं हा माणूस भिंतीकडे बघत उभा राहिला होता आणि घरात कुणालाही त्यानं कळू दिलं नव्हतं. मी सांगायला घाबरत होतो ते या माणसाला.

त्यांनाही पुण्याला नेलं. वयामानानं प्रोस्टेट जरा वाढलेला निघाला, त्याची गोळी सुरू झाली. पण झोळी माझ्यासारखीच, किंवा माझी त्यांच्यासारखी. बाईंनी सांगितलेले व्यायाम मीच करून घ्यायचो. पहिल्या दिवशी दुपारी दुकानामागच्या खोलीत मांजरपाटाच्या ताग्यांवर त्यांना उताणं निजवलं, गुडघ्यांखाली उशा दिल्या, त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला. समोर गिऱ्हाईक होतं, गादी रिकामी होती, आणि आम्ही दोघंही आत होतो.

बाबूजी छताकडे बघत दात आवळून पडले होते.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सोडायचं."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

मी त्यांच्या शेजारी आडवा झालो. "आधी जबडा सोडा, बाबूजी," मी म्हटलं.