डाव्या हाताची रांगोळी

नेरच्या बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो नवरा काढतो आणि त्यात जे राहून गेलं ते मी कॉम्प्युटरवर घालते. "एका मिनिटाचं काम आहे ताई" म्हणत गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. एका मिनिटात चहासुद्धा उकळत नाही.

दिवाळी सरल्यावर एक बाई हेच वाक्य घेऊन आली. जवळच्या खेड्यातली, माझ्याच वयाची. तिच्या मोबाइलमध्ये दोन फोटो होते. पहिला यंदाचा: शहाबादी फरशीचं अंगण, बाजूला तुळस, दारात खुर्चीवर बसलेली तिची सासू. दुसरा मागच्या दिवाळीचा, गच्चीवरून सरळ खाली काढलेला. त्यात त्याच अंगणात सासूने घातलेली ठिपक्यांची मोठी रांगोळी होती. उन्हाळ्यात सासूला लकवा झाला आणि तिचा उजवा हात गेला.

"हे जुनी रांगोळी यंदाच्या फोटोत बसवून द्या," बाई म्हणाली. "माह्या मालकाले हैदराबादले धाडाचा हाय. त्याईले सुट्टी नाही भेटली. आईच्या हातची रांगोळी दिसली तं बरं वाटन त्याईले."

यंदाच्या फरशीवर काहीतरी पांढरं पसरलेलं दिसत होतं. मी विचारलं, हे काय?

ती जराशी ओशाळली. "ते पुसून टाका. आईनं डाव्या हातानं घातली. ठिपके कुठच्या कुठं गेले. लोकं हासतीन."

मी शेजारच्या कोऱ्या फरशीचे तुकडे उचलून त्या पांढऱ्यावर लावले आणि ते झाकून टाकलं. मग जुन्या फोटोतून फक्त रांगोळीच्या रेषा वेगळ्या काढल्या. त्या तशाच ठेवल्या असत्या तर रांगोळी अंगणात उभी केल्यासारखी दिसली असती, कारण एक फोटो वरून काढलेला आणि दुसरा समोरून. पण फरश्या दोन्हीकडे त्याच होत्या, हे माझं नशीब. जुन्या फोटोतल्या फरश्यांचे कोपरे मी यंदाच्या कोपऱ्यांवर ओढून बसवले. त्याबरोबर दाराकडचे ठिपके बारीक होऊन एकमेकांजवळ सरकले, अलीकडचे मोठे झाले, आणि मधलं गोल कमळ चपटं होऊन जमिनीवर आडवं झालं.

तरी ते स्टिकर चिकटवल्यासारखंच दिसत होतं. मग रेषांमधून दगडाचा खरबरीतपणा दिसू दिला. फरशीच्या सांध्यात पूड आत पडते, म्हणून तिथे रेषा तोडली. तुळशीची सावली पडली होती तेवढ्या भागात पांढरं राखाडी केलं. शेवटी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "घातलेलीच आहे की." मी दिवसभर अभिमानाने फुगून होते.

फोटो बघायला ती सासूलाही घेऊन आली. डॉक्टरकडे यायचंच होतं म्हणे. म्हातारीला खुर्ची दिली. तिने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"सुरेख हाय," ती सावकाश, जड जिभेने म्हणाली. "माहीच हाय. पण माही यंदाची कुठं गेली वो बाई?"

सून म्हणाली, "आई, ते वाकडी झाल्ती. म्हणून मीच पुसाले सांगतली."

"काहून पुसली? पोरगा नोकरी सोडून येतो म्हणते. माही माय खाटेवर पडली म्हणते. मी रोज फोनवर सांगून राह्यली, मी उठतो-बसतो, सारं करतो. त्याले खरं नाही वाटत. हे पाह्यलं तं म्हणन, जुनी रांगोळी धाडली."

मला माझ्या वाया गेलेल्या कामाचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण म्हातारीचं म्हणणं पटलं होतं.

कॉम्प्युटरवर प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर असते. मी रांगोळीचा थर बंद केला, मग पुसलेल्या फरशीचा. खालून तिची वाकडी रांगोळी वर आली. ठिपके ओळ सोडून गेलेले, कमळाची एक पाकळी अर्धी. सांध्यात पूड पडली होती आणि सावलीत रेष राखाडी झाली होती. मी जे बसून बसून आणलं होतं ते सगळं तिथे आधीपासूनच होतं.

म्हातारीने डावा हात उचलून अर्ध्या पाकळीवर बोट ठेवलं. "अथी दम लागला होता."

सुनेने तिथूनच तो फोटो नवऱ्याला पाठवला. दोघी अजून स्टुडिओतच होत्या तेव्हा फोन वाजला. म्हातारीने तो डाव्या हाताने कानाला लावला आणि पलीकडचं ऐकत राहिली.

"हव, मीच घातली," ती म्हणाली. "वाकडी हाय ना? मंग माहीच हाय. तू नोकरी कर."