आठ मिनिटांची वजाबाकी

सूर्यमास्तर हे त्यांचं नाव नव्हे, पण वेधशाळेच्या शिपायापासून संचालकबाईंपर्यंत सगळे त्यांना तसंच म्हणत. एकतीस वर्षं रोज सकाळी दुर्बिणीचं झाकण काढायचं, लाल काचेतून सूर्याची तबकडी न्याहाळायची, एखादा डाग अचानक भडकला की वहीत वेळ टाकायची. झालं काम. माणूस काटेकोर, आणि हट्टी म्हणाल तर नाकासमोर भिंत आली तरी वळायचा नाही.

त्या हट्टातूनच त्यांचा एक शिरस्ता पडला होता. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर लांब. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी त्याला इथवर यायला आठ मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागतात. म्हणजे आपण बघतो तो आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य. मग भडका दिसला ती वेळ कशाला लिहायची? झाला ती लिहा! मास्तर घड्याळात बघत, मनात आठ वजा करत आणि लिहीत. जुन्या साहेबांनी एकदा बजावलं होतं, "अहो, घड्याळ सांगेल तेच लिहा, सगळीकडे तीच पद्धत आहे." मास्तरांनी मान डोलावली आणि आपलं तेच चालू ठेवलं. बाहेर जायचे ते फोटो, त्यांच्यावर वेळेचा शिक्का यंत्रच मारायचं. वही कोण उघडतंय?

निवृत्तीला महिना उरला असताना वही उघडली गेली.

किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात एक बाई कामाला होती. मच्छीमार बोटींशी लांब पल्ल्याच्या रेडिओवर बोलायचं, हे तिचं काम. एके दिवशी अकरा बेचाळीसला तिचा रेडिओ गप झाला तो पाऊण तास. तेवढ्यात एका बोटीचं इंजिन बंद पडलं, ती मदतीसाठी ओरडत राहिली, कुणाला ऐकूच गेलं नाही. बोट खडकावर फुटली. माणसं पोहून वाचली, पण चौकशी बसली. बाई म्हणत होती, सूर्यावर भडका झाला असणार. वेधशाळेची वही मागवली. वहीत भडका, अकरा चौतीस.

"अकरा चौतीस ते बेचाळीस तुमचा रेडिओ ठणठणीत होता," चौकशी अधिकारी म्हणाले. "म्हणजे भडक्याचा संबंध नाही. तुम्ही जागेवर नव्हता, असंच ना?"

"साहेब, मी खुर्चीतच होते. नुसता आवाज नाही, खरखरसुद्धा गेली. मला वाटलं संच बिघडला, म्हणून तारा तपासत बसले." तिचा आवाज चिरका झाला होता. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं.

साक्षीला बोलावलेले मास्तर मागच्या बाकावर बसले होते. खरखरसुद्धा गेली, हे ऐकून ते सावरून बसले. भडक्याचे क्ष-किरण वरच्या हवेवर आदळले की लांब पल्ल्याच्या लहरी तिथेच गिळल्या जातात, लांबवरची खरखरही. बाई अक्षर न अक्षर खरं बोलत होती.

गप्प बसले असते तर एकतीस वह्या अभंग राहिल्या असत्या. त्या वह्या मांडायला वेधशाळेत काचेचं कपाटही ठरलं होतं. मास्तर उठले.

"वहीतली वेळ माझी आहे, घड्याळाची नाही. आठ मिनिटं मी वजा केली. भडका इथे दिसला अकरा बेचाळीसला. फोटोवरचा शिक्का बघा."

अधिकारी चमकले. "मग भडका झाला चौतीसलाच ना? आठ मिनिटं हातात होती! फोन का नाही केलात?"

"मला कळणार कसं, साहेब? बातमी प्रकाशच आणतो आणि क्ष-किरण त्याच्याच वेगाने येतात. मला दिसलं तेव्हाच यांचा रेडिओ गेला. आत्ता या क्षणी सूर्य विझला तरी आठ मिनिटं आपण उन्हात बसून गप्पा मारू. मागून धिम्या गतीने कण येतात, त्यांची आगाऊ सूचना देता येते. याची नाही."

"आणि ही वही?"

"सगळ्याच वह्या तशा आहेत," मास्तर म्हणाले. त्यांना लाज वाटली, कान तापले.

फोटो आला, शिक्का जुळला, बाईची नोकरी वाचली. काचेच्या कपाटाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मास्तरांनी एकतीस चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहून वह्यांवर चिकटवल्या : "आतल्या प्रत्येक वेळेत आठ मिनिटं मिळवावीत." घरी बायको म्हणाली, "आयुष्यभर सूर्याला घाई केलीत, आता भोगा!" आणि चहा पुढे सरकवला.

शेवटच्या आठवड्यात एक डाग भडकला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं : दोन वाजून सतरा. पेन उचलतात तोच फोन वाजला.

"काका, मी किनाऱ्यावरून बोलतेय. रेडिओ आत्ता गप झाला बघा. दोन सतरा."

"हो पोरी," मास्तर म्हणाले, "मलाही आत्ताच दिसलं."

त्यांनी नव्या वहीत दोन सतरा लिहिलं.