खालची कडी

माझ्या सासूबाई पेपर वाचत नाहीत, वाळू वाचतात. शेळ्यांच्या गोठ्याभोवती त्यांनी दोन हात रुंद बारीक वाळूचा पट्टा केला आहे. रोज संध्याकाळी दार लावलं की खराटा घेऊन, उलट्या पावलांनी चालत त्या तो सारखा करतात आणि सकाळी चहाच्या आधी बातम्या बघायला जातात. मुंगूस डोकावून गेलं, कोल्हा कोपऱ्यात उकरून कंटाळला, शेजारच्यांचं मांजर पुन्हा उंडारत होतं, सगळं त्यांना कळतं.

हे वेड पूर्वी नव्हतं. गोठ्याला तेव्हा पातळ कोंबडीजाळी होती आणि वर छप्पर अर्धंच. एकदा भटकी कुत्री जाळी फाडून आत शिरली. सहा शेळ्या मारल्या, खाल्ली एकही नाही. सासूबाईंनी दोन दिवस तोंडात पाणी घेतलं तेवढंच. तिसऱ्या दिवशी पदर खोचून गवंड्याच्या दारात उभ्या राहिल्या. कोंबडी आत ठेवायची जाळी वेगळी आणि कुत्रं बाहेर ठेवायची वेगळी, हे त्या आजही ऐकवतात, समोरचा विजेचं मीटर बघायला आलेला असला तरी.

आताचा गोठा म्हणजे किल्लाच. कमरेएवढी विटांची भिंत, तिच्यावर छपरापर्यंत जाड तारेची वेल्ड केलेली जाळी, भोकं अशी की पंजा आत जाऊ नये. बिबट्या वरून उतरतो म्हणून सगळीकडून बंद पत्रा. भिंतीबाहेर जाळी जमिनीत आडवी पुरून वर दगड, म्हणजे उकरणाऱ्याचे पाय तिथेच अडतात. कोंबड्यांचं खुराडं आतच, उंच पायांवर. लोखंडी दाराला बाहेरून दोन कड्या, वर एक आणि खाली एक. खालची लावली नाही तर दाराचा कोपरा ओढला की वीतभर बाहेर येतो, आणि वीतभर फट पुष्कळ झाली.

माझ्या नवऱ्याला हे सगळं नको होतं. आई एकटी, वय झालेलं, हल्ली गोष्टी विसरते, तेव्हा शेळ्या विकून शहरात आमच्याकडे यावं, हा त्याचा धोशा. शेवटी मायलेकांचं ठरलं: एक जरी जनावर गेलं तर त्या मुकाट्याने येतील. मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, आणि असं म्हटलं की दोघंही चिडतात.

परवा आम्ही दोन दिवसांसाठी गावी गेलो, तेव्हा तळ्याकडे बिबट्या दिसल्याची बातमी होती. संध्याकाळी दार लावता लावता दोघांची जुंपली. तो म्हणाला, एक दिवस विसरशील. त्या म्हणाल्या, स्वतःचं नाव विसरेन, हे दार नाही. मग रागारागाने वाळू सारखी करून त्या आत आल्या. रात्री नवरा उठल्याचं मला जाणवलं. पाणी प्यायला गेला असेल म्हणून मी कूस बदलली.

सकाळी सासूबाईंनी आम्हाला हाक मारली. हातात खराटा होता, पण वाळूला त्यांनी हात लावलेला नव्हता. बिबट्याचे पंजे गोठ्याला दोन वेढे घालून दाराशी थांबले होते. दाराच्या खालच्या कोपऱ्यावर नखांचे ताजे ओरखडे होते. आत अकराही शेळ्या रवंथ करत होत्या. आणि पंजांच्या खाली, अर्धवट पुसलेले, चपलांचे ठसे होते, दारापर्यंत जाऊन परत आलेले.

"काल खालची कडी मी लावली नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता ठसे बघितल्यावर आठवलं. तू लावलीस."

त्यांनी खराटा फिरवला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

नवरा पायाने मातीचं ढेकूळ फोडत म्हणाला, "भांडताना दिसलं होतं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" सासूबाईंनी विचारलं.

"तेव्हा बोललो असतो तर जिंकलो असतो."

सासूबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, "पुन्हा अंधारात एकटा बाहेर पडलास तर तंगडं मोडीन. तुझ्या ठशांवर त्याचे पंजे आहेत, तुझ्या मागोमागच आला होता तो."

चहा झाल्यावर नवरा वेल्डिंगवाल्याकडे गेला. वरची कडी सरकवली की खालचीही आपोआप बसेल, असा एकच लांब दांडा त्याने दाराला बसवून घेतला. त्या संध्याकाळी वाळू त्याने सारखी केली, उलटं चालताना दोनदा धडपडला, आणि सासूबाई खुर्चीत बसून कुठे राहिलं ते दाखवत होत्या.