मुलाणी मॅडमची वही आणि माझं निरोपाचं भाषण

बी.एड. करताना किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर बसतातच, आणि कितीही झटकले तरी घरी आईला दिसतातच! उचगावच्या एका शाळेत आम्ही सहा जण इंटर्नशिपला होतो. आता कुठंही भेटलो की चहा येईपर्यंत तीच शाळा निघते.

*

पहिला नंबर आमच्या अमरचा. पाठाचं टाचण काढताना एका रकान्यात आपण काय विचारणार आणि शेजारच्या रकान्यात मुलं काय उत्तर देणार, हे आम्हाला आदल्या दिवशीच लिहावं लागतं. मुलांना ते टाचण कुणी दाखवत नाही, ही खरी अडचण.

अमरनं विचारलं, "सकाळी उठल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसतं?"

पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "म्हशीचं तोंड!"

अमर घाबरून टाचणात बघत म्हणाला, "न्हाई न्हाई, इथं सूर्य लिहिलाय!"

*

माझी अडचण वेगळी होती. माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नसे. मी हातकणंगल्याची, घरात सगळे मोठ्यानं बोलणारे, त्यामुळं माझ्यावर बोलायची वेळच आली नव्हती. पहिल्याच आठवड्यात सातवीतल्या सानियानं मागच्या बाकावरून हात वर केला.

"मॅडम, तुम्ही मनात शिकवताय काय?"

*

आमच्या मार्गदर्शक मुलाणी मॅडम पाठ बघायला वर्गात शेवटी बसायच्या, निरीक्षणाची वही उघडून. मला त्यांनी खुणा ठरवून दिल्या होत्या. चष्मा काढला की आवाज वाढव. पेन कपाळाला लावलं की पाठ फिरवून बोलू नकोस, मुलांकडं बघ. आणि वही मिटली की पाठ झाला, थांब.

मुलांना मागचं काही दिसत नाही, अशी आम्हा दोघींची समजूत होती!

*

शेवटच्या आठवड्यात निरोपाचं भाषण कुणी करायचं, यावर चिठ्ठ्या टाकल्या. माझंच नाव निघालं. अमर म्हणाला, "देवाला पण तुझा आवाज ऐकायचाय."

मी चार पानं लिहून मॅडमना दाखवली. पहिलंच वाक्य होतं, "आम्ही आपल्या ऋणात राहू इच्छितो." मॅडमनी त्यावर रेघ मारली.

"ऋणात कशाला राहतीस? कुणी काय केलं ते नाव घेऊन सांग. एकेकाचं एकच. आधी मुख्याध्यापक, मग शिक्षक, शिपाईमामांना विसरायचं न्हाई, आणि पोरं शेवटी. पोरांपुढं उपदेश करायचा न्हाई."

एवढं सांगून चारी पानं त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "कागद न घेता बोलायचं. उद्या तू शिक्षक व्हशील का न्हाई, ते मला उद्याच कळंल."

त्या रात्री मी जेवले नाही.

*

निरोपाच्या दिवशी मी माइकपाशी उभी राहिले आणि लक्षात आलं, मॅडम माझ्या मागं खुर्चीवर आहेत. आता खुणा कोण करणार? त्यातच लाइट गेली आणि माइक मेला.

"पहिल्या दिवशी मी रडत होते, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी काही न विचारता चहा पाठवला," मी म्हटलं. ते मलाच ऐकू आलं असेल.

तेवढ्यात समोर सातवीच्या रांगेत सानियानं नाकावरचा चष्मा काढला. तिला चष्मा नाहीच! मग शेजारणीनं काढला. बघता बघता अख्ख्या सातवीनं नसलेले चष्मे काढले. मला हसू फुटलं, आणि हसण्याबरोबर आवाजही.

"आपल्या शिपाई कांबळे मामांनी माझा पाठ राहिलेला बघून घंटा दोनदा उशिरा दिली!" शेवटच्या रांगेतून टाळ्या आल्या. मामा दारात उभे राहून डोळे पुसत होते.

मग मी मॅडमकडं वळले. "मॅडम, तुम्ही एकदाही सगळ्यांसमोर माझी चूक काढली नाही." पोरांकडं पाठ करून मी तशीच उभी. मॅडम हसत समोर बोट दाखवत होत्या. वळून बघितलं, तर सातवीनं कपाळाला पेन लावले होते.

"तुमचं राहिलंच की," मी पोरांना म्हटलं. "तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, म्हणून मला बोलता आलं. मला तुमची लई आठवण येणार हाय." आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. डोळे मात्र पार भरले होते. "आता मी थांबते."

माझी सही घ्यायला आणलेल्या वह्या पोरांच्या मांडीवर होत्या. सगळ्या उघड्या. कुणी टाळी वाजवेना, कुणी उठेना.

मुख्याध्यापक सर घड्याळ बघत म्हणाले, "पोरांनो, मिटा की आता वह्या! रिक्षावाले खोळंबल्यात बाहेर."

सानिया उभी राहिली. वही दोन्ही हातांत, तशीच उघडी.

"न्हाई मिटायच्या, सर!"