शुद्ध इंग्रजीचे तीन दिवस

इंग्लंडातल्या एखाद्या वृद्धाश्रमाची लिफ्ट बंद पडली की कुंभकोणमला आमच्या ऑफिसात फोन वाजतो. मेकॅनिक कोण जाणार, किती वाजता, सुटा भाग गोदामात आहे की नाही, हे सगळं आम्ही इथून ठरवतो. कापडाच्या दुकानावरच्या माडीत आमचं ऑफिस आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावरचे सगळे विनोद आमचे करून झाले आहेत.

गेल्या वर्षी इंग्लंडातल्या मुख्य कचेरीने कळवलं की एक मॅडम येऊन आठवडाभर आमच्यात बसतील. हे ऑफिस ठेवायचं की चेन्नईच्या मोठ्या ऑफिसात मिसळून टाकायचं, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. आम्ही डझनभर माणसं. त्यातले काही चेन्नईला गेलेही असते. पण मरुदानल्लूरहून स्कूटरवर येणारी आमची सहकारी गेली नसती. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, शाळेतली मुलगी आणि नवरा आखातात. ऑफिस हललं की तिची नोकरी गेली. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी तिथला प्रमुख. मॅडम येण्याआधी मी सगळ्यांना गोल बसवलं आणि फतवा काढला: हा आठवडा आपली इंग्रजी बंद. ‘प्रीपोन’ म्हणायचं नाही, असा शब्द इंग्लंडात नाही. ‘डू द नीडफुल’ लिहायचं नाही. ‘आय हॅव अ डाउट’ तर मुळीच नाही. ‘आउट ऑफ स्टेशन’ नाही, ‘टाइमपास’ नाही, प्रत्येक वाक्याला ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’ लावणं नाही.

“मग बोलायचं काय, सर?” तिरुप्पनंदाळचा आमचा वात्रट पोरगा म्हणाला. “गुड मॉर्निंग चालेल ना?”

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात एक जुनी बैठक होती. ओळख करून देताना मी म्हणालो होतो की मी इथल्याच कॉलेजातून ‘पास्ड आउट’ झालो, आणि पडद्यावरची दोन गोरी माणसं ओठ दाबून हसली होती. तिकडे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं, हे मला नंतर मुलीने सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येक मेल पाठवण्याआधी दोनदा वाचतो. माझी लाज मी त्या दिवशी सगळ्यांच्या माथी मारली. काळजीपोटी केलं असं मी स्वतःला सांगत होतो, पण त्यात भीती जास्त होती.

मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या, उंच, पायात साधे बूट, घामाने लाल झालेल्या. दार उघडून आत आल्या तेव्हा ऑफिसात देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता होती. एरवी आमच्याकडे तमिळ, इंग्रजी आणि कधीमधी माझी मराठी यांचा बाजार भरलेला असतो. त्या दिवशी सगळे जण पाठ्यपुस्तकातली वाक्यं आधी मनात जुळवून मग तोंड उघडत होते. तेवढ्यात विषय पुढे गेलेला असायचा. मग ते तोंड मिटायचे आणि मान हलवायचे.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मला वाटलं, काय झकास चाललंय!

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी मी मॅडमना खालच्या हॉटेलात कॉफी प्यायला नेलं. पितळेच्या वाटी-पेल्यात फेसाळती कॉफी आली. पाटीवर ‘डिग्री कॉफी’ वाचून त्यांनी विचारलं, “ही कुठल्या विद्यापीठाची?” मी सांगितलं की दूध अस्सल आहे की पाणी घातलेलं, ते मोजायच्या यंत्रावरच्या डिग्रीवरून हे नाव पडलं, असं इथे सांगतात. त्या मनापासून हसल्या. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, “तुमच्याशी स्पष्ट बोलते. तुमची माणसं कामाला चांगली आहेत. पण कोणी काही विचारतच नाही. मी काहीही बोलले तरी मान हलवतात. चेन्नईत मला प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं. इथे मला वाटतं, यांना काम समजलेलं नाही, किंवा माझ्याशी बोलायची इच्छा नाही. मला हे लिहावं लागेल.”

“समजलं आहे त्यांना,” एवढंच मी म्हणालो. पुढचं बोलायचं धाडस झालं नाही.

वर आलो तर मरुदानल्लूरची आमची सहकारी पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. एका वृद्धाश्रमाची लिफ्ट अडली होती. मेकॅनिकची वेळ ठरलेली होती, पण दाराचा जो भाग त्याला हवा होता तो गोदामातून निघालाच नव्हता. तो निघाल्याशिवाय मेकॅनिकला पाठवणं म्हणजे त्याची फेरी फुकट आणि म्हाताऱ्यांचा आणखी एक दिवस वरच्या मजल्यावर. हे तिला सकाळीच दिसलं होतं.

“मग विचारलं का नाहीस?” मी तमिळमध्ये हळूच म्हणालो.

“कसं विचारू, अण्णा? डाउट म्हणायचं नाही. ‘क्वेरी’ म्हणू की ‘कन्सर्न’, ते ठरवत होते. तेवढ्यात मॅडम दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मग वाटलं, माझ्या एका चुकीच्या शब्दाने सगळ्यांच्या नोकऱ्या जायच्या.”

तिने ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्याचे आमचे नातेवाईक लग्नाला आले की माझ्या आईच्या मराठीला हसतात. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले. त्यांनी आणलेली भाषा आम्ही इथे तमिळच्या शेजारात वाढवली. पुण्यात जुने झालेले शब्द आमच्या स्वयंपाकघरात अजून रोजचे आहेत. ते हसायचे तेव्हा आई बिचकायची नाही. “तुम्ही सोडलात, आम्ही ठेवलं,” म्हणायची आणि पान वाढायची. त्याच आईचा मी मुलगा, आणि माझ्या माणसांच्या बोलण्याला कुलूप लावून बसलो होतो.

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि इंग्रजीतच बोललो, मॅडमना कळावं म्हणून. “मॅडम, हे तीन दिवस गप्प आहेत ते माझ्यामुळे. यांनी आपली रोजची इंग्रजी बोलू नये असं मीच सांगितलं. तुम्ही हसाल अशी मला भीती होती. ती बंदी आता या क्षणापासून, टुडे इटसेल्फ, उठली.”

मग तिरुप्पनंदाळचा पोरगा उठला. “मॅडम, आय हॅव अ डाउट.”

मॅडमचा चेहरा पडला. “माझ्यावर संशय आहे?”

“नाही, नाही! प्रश्न आहे. आमच्याकडे शाळेत गुरुजींना विचारायचं ते डाउट. संदेह. विचारणारा स्वतःच्या समजुतीवर शंका घेतो, तुमच्यावर नाही.”

“म्हणजे तो नम्रपणा आहे?”

“होय. आणि माझ्याकडे सहा आहेत.”

धरण फुटलं. मरुदानल्लूरच्या सहकारीने आधी दाराच्या भागाचं सांगितलं. मॅडमनी तिथेच उभं राहून गोदामाला फोन लावला. मग त्यांनी वही सरकवून स्वतःच विचारायला सुरुवात केली. तुमच्या मेलमध्ये नेहमी ‘डू द नीडफुल’ असतं, ते नीडफुल म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, हे तुमच्याच आजोबांचं वाक्य. तुमच्या साहेबांनी सरकारी पत्रांतून आम्हाला शिकवलं. तुम्ही ते विसरलात. आणि त्याचा अर्थ असा की तुमचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा जे करायला हवं ते तुम्ही ठरवा. “आम्हाला ते हुकमासारखं वाटायचं,” मॅडम म्हणाल्या. ‘इटसेल्फ’ कुठून येतं तेही सांगितलं: तमिळमध्ये शब्दाच्या शेवटी एक ‘ए’ लागतो, मराठीत ‘च’ लागतो. आजच, आत्ताच, हाच. तो जोर इंग्रजीत कुठे ठेवायचा? आम्ही ठेवला तिथे. ‘टाइमपास’ला मात्र सगळे हरले. शेंगदाणे म्हणजे टाइमपास, बसमधल्या गप्पा म्हणजे टाइमपास, वाईट सिनेमाही टाइमपास. शेवटी कोणीतरी खारे शेंगदाणे आणून त्यांच्या हातावर ठेवले.

संध्याकाळी निघताना मरुदानल्लूरची म्हणाली, “मॅडम, उद्याची मुख्य कचेरीची बैठक दोनला आहे. एकला प्रीपोन होईल का?”

“प्री… काय?”

“पोस्टपोनच्या उलट. अलीकडे आणायची.”

“अरे, आम्हाला त्यासाठी तीन शब्द लागतात! पण का?”

मी डोळे मिटले. ती सरळ म्हणाली, “गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो. त्यात आम्ही महत्त्वाचं काही सुरू करत नाही. आमच्या नोकरीचं ठरायचंय, मॅडम.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, फोन काढला आणि त्यांच्या साहेबाला सांगितलं की बैठक प्रीपोन करा, इथे कारण आहे. तिकडून त्याने काय विचारलं ते ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, “उच्चार तसाच आहे. अर्थ तुम्हाला कळला ना? मग झालं.”

दुसऱ्या दिवशी एकला बैठक सुरू झाली. पडद्यावरच्या साहेबाने विचारलं की या ऑफिसच्या भाषेमुळे काही अडचण होते का. मॅडम तोंड उघडणार तोच मी बोललो. “तुमची इंग्रजी आम्हाला अडते तेव्हा आम्ही विचारतो. आमची तुम्हाला अडली तर तुम्हीही विचारा. आम्ही ती दोनशे वर्षं वापरतो आहोत, तिच्यात आमची कामं होतात, तुमच्या लिफ्ट तिच्यातूनच चालू होतात. आम्ही ती बदलणार नाही. मात्र अर्थ कितीही वेळा सांगू.”

माझ्या मागे कोणीतरी टेबलावर हळूच थाप मारली.

मॅडमनी अहवाल दिला. पहिल्या तीन दिवसांबद्दलही त्यांनी लपवलं नाही. पण शेवटी म्हणाल्या की एका दुपारी या माणसांनी विचारलेल्या प्रश्नांतून त्यांना गोदामातल्या तीन चुका सापडल्या. ऑफिस इथेच राहिलं. एक वर्षाने पुन्हा बघू म्हणाले. ते वर्ष आता संपत आलंय आणि पुन्हा कोणी यायचं असेल तर येऊ दे.

बैठक संपल्यावर मी मरुदानल्लूरच्या सहकारीच्या टेबलाशी गेलो. तीन दिवस तिला मुकं ठेवल्याबद्दल मला माफी मागायची होती. वाक्य जुळवत उभा होतो.

“सॉरी नंतर म्हणा, अण्णा,” ती पडद्यावरून मान न वळवता म्हणाली. “तो दाराचा भाग पोचलाय. मेकॅनिक फोनवर मिळत नाहीये. तुम्ही फोन लावा ना त्याला.”

मी फोन लावला.